व्याजदर वाढवायला नुसता कणा पुरतो का? १९५१ पूर्वीच्या फेडचा दाखला

रोखठोक
सरकारवर कर्ज फार झाले म्हणून मध्यवर्ती बँकेला व्याजदर वाढवता येत नाहीत, ही निव्वळ सबब आहे. दर ठरवण्याचा अधिकार बँकेचा आहे. प्रमुखाला कणा असेल तर तो दर वाढवतो, नसेल तर सरकारच्या तोंडाकडे पाहत बसतो. ‘फिस्कल डॉमिनन्स’, म्हणजे सरकारच्या कर्जगरजेचे मध्यवर्ती बँकेवरचे वर्चस्व, हे भित्रेपणाला दिलेले भारदस्त नाव आहे.

रोखेबाजारी
हे वाचून गप्प बसवले नाही, कारण ज्यांना येथे भित्रे ठरवले जात आहे त्यांपैकी काहींना या भांडणापायी खुर्ची गमवावी लागली. फेड या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मरिनर एक्लस यांना १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी पुन्हा अध्यक्ष केले नाही, आणि त्यांच्या जागी आलेले मॅकेब १९५१ मध्ये बाहेर पडले. कणा दोघांनाही होता. तरीही जवळजवळ नऊ वर्षे फेडला दर वाढवणे का जमले नाही, हे समजून घ्यायचे तर त्यांनी नेमके काय कबूल केले होते ते पाहावे लागेल.

एप्रिल १९४२ मध्ये, युद्धखर्च स्वस्तात भागावा म्हणून, सरकारच्या अल्पमुदतीच्या बिलांवरचा दर ०.३७५ टक्क्यावर आणि दीर्घ मुदतीच्या रोख्यांवरचा परतावा २.५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे फेडने मान्य केले. असा दर नुसत्या घोषणेने टिकत नाही. बाजारात कोणीही रोखा विकायला आणला आणि त्या किमतीला दुसरा गिऱ्हाईक नसला, तर तो फेडने घ्यायचा आणि विकणाऱ्या बँकेच्या खात्यात नव्याने निर्माण केलेली रक्कम जमा करायची. म्हणजे बाजारात पैसा किती असावा हा निर्णय फेडच्या हातून निघून रोखे विकणाऱ्यांच्या हाती गेला. शिवाय २.५ टक्के देणाऱ्या रोख्याची किंमत फेडच सांभाळत असताना ०.३७५ टक्क्याचे बिल जवळ ठेवण्यात कोणाला रस असणार? बँकांनी बिले फेडच्या गळ्यात घातली आणि स्वतः लांबचे रोखे घेतले. १९४७ मध्ये बिलांचा तो दर सोडून दिला तेव्हा बाजारातील बहुतांश बिले फेडकडेच साचलेली होती.

आता तुमच्या कण्याची खरी परीक्षा पाहा. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि लोक साठेबाजीला लागून किमती चढू लागल्या. १८ ऑगस्ट रोजी फेडने बँकांना कर्ज देण्याचा दर दीडवरून पावणेदोन टक्के केला. त्याच दिवशी अर्थमंत्री स्नायडर यांनी, मुदत संपत आलेले सुमारे १३ अब्ज डॉलरचे रोखे फेडण्यासाठी नवे तेरा महिन्यांचे रोखे सव्वा टक्क्याने आणत असल्याचे जाहीर केले. बाजार त्या दराला नवे रोखे घ्यायला तयार नव्हता, आणि विक्री फसली असती तर सरकारला एवढी रोकड एकदम उभी करावी लागली असती. म्हणून मुदत संपणाऱ्या रोख्यांचा मोठा भाग फेडने स्वतः विकत घेतला, त्यांच्या बदल्यात नवे रोखे पदरात घेतले आणि जवळचे दुसरे रोखे थोड्या चढ्या परताव्याने बाजारात सोडले. दर किंचित वर गेला हे खरे, पण सरकारचे कर्ज ज्यांच्याकडून यायला हवे होते त्यांच्याऐवजी मध्यवर्ती बँकेकडून आले.

आकडेमोड
घटनाक्रम बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. त्या वेळी कर्ज सुमारे २५० अब्ज डॉलर होते. दर एक टक्क्याने वाढला असता तर सगळे कर्ज नव्या दरावर येईपर्यंत बोजा वर्षाला अडीच अब्जांनी वाढला असता, आणि सरकारचा महसूल होता ४० अब्जांच्या आसपास. हा बोजा जड असला तरी न पेलणारा नव्हता. तेव्हा कर्जाने हात बांधले होते असे न म्हणता ट्रूमन यांनी बांधले होते असे म्हणा. पहिल्या महायुद्धात त्यांनी घेतलेले लिबर्टी रोखे पुढे तोट्यात विकावे लागले, आणि ती सल त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिली.

शिवाय फेडने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात दर जवळपास शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा अमेरिकेचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांहून अधिक होते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने मे २०२२ पासून नऊ महिन्यांत रेपो दर चारवरून साडेसहा टक्के केला. कर्ज जास्त म्हणजे दर अडकला, हा नियम असेल तर ही दोन उदाहरणे कोठे बसवायची?

रोखेबाजारी
व्याजखर्चाचा हिशेब मला मान्य करावा लागतो, पण तुम्ही रोख्याच्या किमतीकडे पाहिलेच नाही. वीस वर्षे मुदतीच्या अडीच टक्क्यांच्या रोख्यावर बाजार साडेतीन टक्के मागू लागला, तर शंभराचा रोखा साधारण शहाऐंशीला येतो. युद्ध संपले तेव्हा अमेरिकी व्यापारी बँकांच्या मालमत्तेत निम्म्याहून अधिक वाटा सरकारी रोख्यांचा होता आणि त्यांचे भांडवल या मानाने फारच थोडे होते. त्यातले बरेच रोखे छोट्या मुदतीचे होते, त्यामुळे सगळ्यांना चौदा टक्क्यांचा फटका बसला नसता. तरीही ज्या बँकांकडे लांबचे रोखे होते त्यांचे भांडवल कागदावर धोक्यात आले असते. म्हणजे सरकारला व्याज परवडते की नाही एवढाच प्रश्न नसतो. सरकारचे कर्ज ज्यांच्या ताळेबंदात बसले आहे त्यांना दरवाढ सोसते का, हाही असतो.

२०२३ चे उदाहरण तुमच्या बाजूने पूर्ण झुकत नाही. मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली ती अशाच किंमत पडलेल्या रोख्यांमुळे ठेवीदार बिथरले म्हणून. त्यानंतर फेडने दर वाढवणे चालू ठेवले हे खरे, पण त्याच वेळी बँकांना सरकारी रोख्यांवर बाजारभावाने नव्हे, तर पूर्ण दर्शनी किमतीने कर्ज देण्याची खिडकी उघडली. दरवाढ शक्य झाली, पण रोखेधारकांना आडोसा देऊनच.

आकडेमोड
तो आडोसा बँका वाचवण्यासाठी होता, सरकार वाचवण्यासाठी नव्हे. या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या तर मध्यवर्ती बँकेचे प्रत्येक पाऊल ‘वर्चस्व’ ठरेल आणि त्या शब्दाला अर्थच उरणार नाही.

निवृत्त रोखपाल
आपण सगळे बँका आणि सरकार यांच्याविषयीच बोलत आहात. ठेवीदाराचे काय? २०२१ मध्ये माझ्या मुदत ठेवीचे नूतनीकरण झाले तेव्हा पाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळाले आणि महागाई सहाच्या जवळ होती. पत्नीचे औषधपाणी त्या व्याजावरच चालते. शाखेत विचारले तर सांगितले की दर वरूनच कमी आहेत. सरकारला स्वस्त कर्ज मिळावे म्हणून माझ्या ठेवीचा दर पाडला जात असेल, तर तो माझ्यावर बसवलेला कर आहे, आणि त्याला कोणत्याही सभागृहाने मंजुरी दिलेली नाही.

रोखठोक
काका, आपल्या अडचणीविषयी सहानुभूती आहे, पण येथे मध्यवर्ती बँकेच्या अधिकाराची चर्चा चालू आहे, एफडीच्या दरांची नाही. कृपया विषय भरकटवू नका.

रोखेबाजारी
विषय मुळीच भरकटलेला नाही. रोखपालसाहेबांनी जे विचारले ते आपण दोघांनी टाळले, आणि तसे त्यांच्यावर खेकसण्याचे काही कारण नव्हते. अमेरिकेत याचा हिशेब अगदी स्वच्छ मांडता येतो. १९४२ मध्ये एखाद्या कामगाराने १८.७५ डॉलर देऊन ‘ई’ मालिकेचा बचत रोखा घेतला, तर दहा वर्षांनी त्याला २५ डॉलर मिळायचे, म्हणजे एक तृतीयांश वाढ. त्याच दहा वर्षांत किरकोळ किमती साठ टक्क्यांहून अधिक वाढल्या. १९५२ मध्ये हाती आलेल्या पंचवीस डॉलरांची १९४२ च्या भावाने किंमत पंधरा डॉलरांच्या थोडी वर होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत लोकांकडचे सरकारी कर्ज १९४६ मध्ये शंभर टक्क्यांवर होते, ते १९५१ पर्यंत दोन तृतीयांशाच्या आसपास आले. त्यात अर्थसंकल्पातील शिलकीचा आणि वाढत्या उत्पादनाचा वाटा आहे, तसाच या कामगाराने सोसलेल्या तुटीचाही आहे.

निवृत्त रोखपाल
आमच्याकडे हेच कायद्याच्या चौकटीत चालत होते. मी नोकरीत असताना १९९०च्या सुमारास एसएलआर, म्हणजे ठेवींतून सरकारी रोख्यांत ठेवायचा वाटा, ३८.५ टक्क्यांपर्यंत गेला होता आणि सीआरआर, म्हणजे रिझर्व्ह बँकेत ठेवायचा वाटा, १५. ग्राहकाने शंभर रुपये ठेवले की निम्म्याहून अधिक रक्कम सरकारी रोख्यांत आणि रिझर्व्ह बँकेत जायची. उरलेल्यातही प्राधान्य क्षेत्राचा वाटा ठरलेला असे. कर्ज मागायला आलेल्या छोट्या कारखानदाराला चढा दर सांगताना मलाच अवघड वाटे. आणि तरीही सरकारला पैसे पुरत नसत, म्हणून अॅडहॉक ट्रेझरी बिले होतीच.

रोखेबाजारी
अॅडहॉकचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण तेथे तर दराचा निर्णयही उरला नव्हता. १९५५ पासूनची व्यवस्था अशी होती की रिझर्व्ह बँकेतील केंद्राची शिल्लक ५० कोटींखाली गेली की आपोआप बिले तयार होत आणि बँक ती घेई. जुलै १९७४ पासून त्यांचा दर ४.६ टक्के ठरला. त्या वर्षी महागाई वीस टक्क्यांच्या वर होती, आणि पुढे दोन दशके महागाई कितीही हलली तरी हा दर हलला नाही. रिझर्व्ह बँकेने दुसरीकडे दर वाढवून काय साधणार होते, जेव्हा या दाराने पैसा आपोआप बाहेर पडत होता? म्हणून बँकेच्या हाती उरले ते सीआरआर वाढवणे, म्हणजे सरकारमुळे बाहेर पडलेला पैसा सामान्य कर्जदाराच्या वाट्यातून परत खेचणे. सप्टेंबर १९९४ मध्ये रिझर्व्ह बँक आणि सरकार यांच्यात करार झाला आणि एप्रिल १९९७ पासून ही बिले बंद झाली.

आकडेमोड
अॅडहॉकच्या बाबतीत वाद घालत नाही. तेथे वर्चस्व लेखी होते. पण रोखपालसाहेबांची २०२१ ची ठेव त्या खात्यात टाकू नका. तेव्हा महासाथीमुळे उत्पादन कोसळले होते आणि कर्जाला मागणीच नव्हती, दर कमी असण्याला तेवढे कारण पुरेसे होते.

रोखेबाजारी
पुरेसे होते का, याविषयी माझी खात्री नाही. त्या काळात दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा सहा टक्क्यांच्या फार वर जाऊ नये म्हणून रिझर्व्ह बँक उघडपणे धडपडत होती, आणि एप्रिल २०२१ मध्ये तिने एका तिमाहीत एक लाख कोटींचे रोखे घेण्याचे आधीच जाहीर केले. मंदीत असे करणे योग्यही असू शकते. मी पाहतो ते एवढेच की महागाई वर गेली आणि सरकारची कर्जविक्री मोठी असली, तेव्हा लिलावात उरलेला रोखा शेवटी कोणाच्या हाती जातो. मे २०२२ नंतर रिझर्व्ह बँकेने दर वाढवले आणि रोखे बाजाराने घेतले, म्हणून त्या टप्प्याला मी वर्चस्व म्हणणार नाही. आधीच्या वर्षाविषयी आपले एकमत होईल असे वाटत नाही.

रोखठोक
१९५० च्या ऑगस्टपुरते तुमचे म्हणणे सोडून देतो. पण पुढे काय झाले ते तुम्ही गाळले. ३१ जानेवारी १९५१ रोजी ट्रूमन यांनी फेडच्या समितीला बोलावून घेतले आणि नंतर समितीने रोख्यांचे भाव सांभाळण्याचे वचन दिल्याचे परस्पर जाहीर केले. असे वचन दिलेच नव्हते हे दाखवणारे गोपनीय टिपण, अध्यक्षपद गेल्यावरही समितीत असलेल्या एक्लस यांनी वर्तमानपत्रांना दिले, आणि ४ मार्चला ट्रेझरीला, म्हणजे अर्थखात्याला, फेडला भाव सांभाळण्यातून मोकळे करणारा समझोता करावा लागला. हा कणा नव्हे तर काय?

रोखेबाजारी
कणाच होता, आणि एक्लस यांच्याविषयी मला आदर आहे. पण १९५१ च्या जूनला संपलेल्या वर्षात अमेरिकी सरकारच्या हाती सुमारे सहा अब्ज डॉलरची शिल्लक होती, म्हणून जुने कर्ज फिरवणे पुरेसे होते, नव्या कर्जाची निकड नव्हती. शिवाय लांबच्या अडीच टक्क्यांच्या रोख्यांच्या बदल्यात ट्रेझरीने पावणेतीन टक्क्यांचे, बाजारात विकता न येणारे रोखे देऊ केले, म्हणजे विक्रीला येऊ शकणारा मोठा साठा आधी बाजूला काढला आणि मगच भाव सोडले. तेच टिपण एक्लस यांनी १९४३ मध्ये छापून आणले असते, तर पुढचे युद्धकर्ज अडीच टक्क्यांनी कोणी घेतले असते, याचे उत्तर तुमच्याकडून हवे आहे.