एका नुक्त्याचा घोळ

> 'वी हॅव रन आउट ऑफ टोनर' अरबी ईमेलमध्ये कसं लिहू? आणि 'गिव्ह अप'ला 'इस्तस्लम' चालेल का?

अरबीत संपणारी वस्तूच कर्ता होते, मराठीतल्या 'आमच्याकडची शाई संपली'सारखी: 'नफिद अल-हिब्र लदैना'. इथे शेवटचं अक्षर 'दाल', बिननुक्त्याचं. वर नुक्ता पडला की ते 'ज़ाल' होतं आणि क्रियापदच बदलतं: आरपार जाणं, अमलात येणं. अरबी भाषकही हे सर्रास चुकतात, स्पेलचेक गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. करार किंवा मुदत संपली असेल तर मात्र 'इंतहा'.

'इस्तस्लम' म्हणजे शरणागती, हार मानणं. योजना सोडली एवढंच सांगायचं तर 'सरफ़्ना अन्-नज़र अन अल-ख़ुत्ता', शब्दशः 'योजनेवरून नजर वळवली'. यातला 'अन' गाळू नका.