प्रतिसाद: जुना रेझ्युमे गेला तर

"काल एचआरला चुकून जुना रेझ्युमे गेला, परत मेल करू का? काय लिहू?"

करा, आणि आजच करा. नवीन मेल नको, सेंटमधल्या त्याच मेलला रिप्लाय मारा म्हणजे दोन्ही एकाच थ्रेडमध्ये राहतात, फक्त रिप्लायला फाइल आपोआप जोडली जात नाही, ती नव्याने जोडायची आणि पाठवायच्या आधी तिथूनच उघडून बघायची. मी एवढंच लिहिलं होतं: "नमस्कार मॅडम, कालच्या मेलसोबत रेझ्युमेची जुनी प्रत गेली, क्षमस्व. नवीन प्रत जोडली आहे, कृपया हीच ग्राह्य धरावी." चूक कशी झाली ते सांगत बसू नका. पण जुन्यात फोन नंबर वेगळा असेल तर तेवढं एक वाक्य नक्की टाका, नाहीतर कॉल जुन्या नंबरवर जाईल.