मदत हवी आहे: कारखाना निरीक्षकांच्या नोटिशीतली कामं आणि तारखा एका पानात कशा मांडू?

चटईवाला_जळगाव: एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात ऑफिसचं काम बघतो. तपासणीनंतर चार पानी पत्र आलंय. मॅनेजर साहेबांना एकाच पानात हवंय: काय करायचं, कुणी, कधीपर्यंत. मी केलेल्या दोन ओळी अशा:

स्क्रॅप ग्राइंडरला गार्ड बसवणे – 15 दिवस
चेन ब्लॉकची तपासणी – 15 दिवस

पत्रावर तारीख 3 जून आहे. ईमेल 5 ला आला, टपाल 9 ला. दिवस कुठून मोजू?

सेफ्टी_धुळे: ग्राइंडरचं मूळ वाक्य जसंच्या तसं टाका.

चटईवाला_जळगाव: "व्ही-बेल्ट व पुलीला कुंपण नाही. भक्कम कुंपण बसवून पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पूर्तता कळवावी. तोपर्यंत यंत्र चालवू नये."

जिनिंग_चोपडा: आम्हालाही कारणे दाखवा नोटीस आली होती. वकिलाकडूनच उत्तर द्या, स्वतः काही लिहू नका.

सेफ्टी_धुळे: भाऊ, ही कारणे दाखवा नाही, त्रुटींची पूर्तता मागितली आहे.

चटईवाले, तुमच्या ओळीतून शेवटचं वाक्यच गळालं. साहेब वाचतील "15 दिवस", आणि ग्राइंडर उघड्या बेल्टवर चालत राहील. उद्या कुणाचा हात सापडला तर हेच पत्र पुढे येईल. एका मुद्द्याच्या दोन ओळी करा. पहिली: "आजपासून बंद, मेन स्विचला कुलूप, किल्ली अमक्याकडे." दुसरी: "गार्ड बसवणे." गार्ड नटबोल्टने पक्का हवा, हाताने निघणारी जाळी चालत नाही. शेजारच्या रकान्यात पत्रातला मुद्दा क्रमांक आणि मूळ शब्द ठेवा, म्हणजे साहेबांना पडताळता येईल.

तारखेचं म्हणाल, तर ईमेलपासून 20 जून होते, टपालापासून 24. कोणती धरली जाईल यावर वाद घालण्यापेक्षा तक्त्यात 20 लिहा, आणि गार्डसाठी आतली तारीख 16. पूर्तता अहवालाला फोटो जोडायचे असतात, त्याला दोन-तीन दिवस लागतातच.

फिटर_भुसावळ: चेन ब्लॉक दर सहा महिन्यांनी तपासायचा असतो, तेही लिहा. आमचा फिटरच सही करतो.

सेफ्टी_धुळे: सहा महिने लिफ्टला. चेन ब्लॉक वजन उचलण्याच्या साधनांत येतो, तिथे वर्षातून एकदा. फिटर रोज नजर ठेवतो ते चांगलंच, पण प्रमाणपत्र मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीचंच लागतं. तो बाहेरचा माणूस, त्याची वेळ आपल्या हातात नसते. म्हणून तक्त्यात पहिला फोन त्याला.

चटईवाला_जळगाव: दुपारी दोनला ग्राइंडरला कुलूप लावलं, किल्ली शिफ्ट इनचार्जकडे. स्क्रॅपच्या गोण्या साठताहेत, साहेबांनी विचारलं तेव्हा पत्रातलं वाक्य दाखवलं. अडलंय ते चेन ब्लॉकचं. सक्षम व्यक्ती 19 च्या आधी येत नाही, अहवाल त्यानंतर दोन दिवसांनी. मुदतवाढीचा अर्ज आत्ताच देऊ, की तपासणी ठरल्याचं पत्र जोडून 20 ला बाकीची पूर्तता पाठवू?

फिटर_भुसावळ: आत्ताच द्या, पोच घ्या.

सेफ्टी_धुळे: मी असतो तर दोन्ही केलं असतं. पण अर्ज दिला म्हणजे मुदत वाढली असं धरू नका, लेखी उत्तर येईपर्यंत तक्त्यात 20 च राहू द्या. आणि तोवर चेन ब्लॉकने काही उचलू नका.