बाहेरच्या पाहुण्यांना वेबिनारचं बोलावणं: नुसतं कॅलेंडर इन्व्हाइट पुरतं का?

निवांत: बाहेरच्या पाहुण्यांना वेगळी मेल कशाला? कॅलेंडर इन्व्हाइट टाका. तारीख, वेळ, लिंक सगळं त्यात असतं. लांबलचक मेल कोण वाचतं?

कार्यक्रमवाली: हे वाचून राहवलं नाही. आठ वर्षं हेच काम करतेय. Google Calendar मध्ये साठ बाहेरच्या लोकांना एकच इन्व्हाइट टाकलं आणि 'See guest list' ची खूण तशीच राहिली, की प्रत्येकाला बाकीच्यांचे मेल आयडी दिसतात. आमच्याकडे एका ग्राहकाला असंच कळलं की आम्ही त्याच्या स्पर्धकालाही बोलावलंय. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

आणि वेळेचं काय? आम्ही पोस्टरवर "4 PM IST" छापलं. आमचे वक्ते डब्लिनचे, महिना जूनचा. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही IST च म्हणतात. त्यांनी त्यांचे चार धरले, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. दोनशे लोक रिकामा पडदा बघत बसले होते. आता मेलमध्ये असं लिहिते:

मंगळवार, 9 जून 2026
दुपारी 4:00 (भारत) / सकाळी 11:30 (डब्लिन)

निवांत: म्हणजे माझंच खरं ठरलं! इन्व्हाइट पाठवलं असतं तर वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे आपोआप बदलून दिसली असती. घोळ पोस्टरनं केला.

कार्यक्रमवाली: हे मान्य करावं लागेल. म्हणून आता मेलला कॅलेंडरची .ics फाइल जोडतेच. पण मेल हवीच. Zoom वेबिनारमध्ये वक्त्याची लिंक वेगळी असते. सगळ्यांना गेलेली लिंक त्यांनी उघडली, तर ते प्रेक्षकांत जाऊन बसतात, माइक मिळत नाही. होस्टनं ओळखून वर घेईपर्यंत पाच मिनिटं जातात.

सांगलीचा_सुऱ्या: लिंकचं जाऊ द्या हो. नोंदणीच्या फॉर्मात मोबाइल नंबर का मागता? एका वेबिनारला नाव दिलं, तर तीन महिने विक्रीवाल्यांचे फोन. शेवटचा फोन आला तेव्हा आईला घेऊन दवाखान्यात होतो.

विक्रीत_आहे: फुकट कार्यक्रम चालतो कशावर? नंबर नाही दिला तर वरच्यांना काय दाखवायचं?

सांगलीचा_सुऱ्या: तुमच्या वरच्यांचं ओझं माझ्या फोनवर का?

कार्यक्रमवाली: Zoom च्या नोंदणीला पहिलं नाव आणि मेल आयडी एवढंच सक्तीचं आहे. बाकी रकाने आपण वाढवतो. नंबर ऐच्छिक ठेवा, आणि फोन करणार असाल तर तिथेच लिहा.

विक्रीत_आहे: ऐच्छिक ठेवला की कोणी भरत नाही. करून पाहिलंय.

सांगलीचा_सुऱ्या: मग लोकांचं उत्तर तुम्हाला मिळालंच की.

विक्रीत_आहे: माझं टार्गेट तुम्ही भरणार आहात का?

निवांत: माझा प्रश्न कुठल्या कुठे गेला. असो, वक्त्यांना वेगळी मेल पाठवतो. प्रेक्षकांना मात्र इन्व्हाइटच, पाहुण्यांची यादी लपवून.

कार्यक्रमवाली: अडलं तर फोन कोणाला करायचा, तेही त्यात घाला. चारला पाच कमी असताना लोक तेच शोधतात.