‘निष्क्रिय’ शब्द एक, अर्थ दोन?

मुक्ता_ठाणे
वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यात आधी म्हटलंय की रक्त गोठवणारे घटक रक्तात ‘निष्क्रिय’ रूपात फिरत असतात आणि जखम झाली की सक्रिय होतात. पुढे दोन परिच्छेदांनंतर येतं की वॉरफरिनमुळे यकृत ‘निष्क्रिय’ घटक तयार करतं. मुळातही शब्द एकच आहे, म्हणून मीही एकच ठेवला. सासूबाईंनी वाचून विचारलं, “अगं, ते मुळातच निष्क्रिय असतात, तर गोळीने वेगळं काय केलं?” दोन शब्द करावेत का? शिवाय ‘क जीवनसत्त्व’ लिहू की ‘के’?

नाना_सातारकर
‘क’च लिहा. अ, ब, क, ड हीच आपली पद्धत. लिंबू, आवळा, पेरू यांत ते भरपूर असतं आणि कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं. रक्ताशी संबंध आहेच की.

आशुतोष_फार्मसी
नाना, ते सी. मराठीत त्याला क म्हणतात, म्हणून तर इथे ‘के’ लिहायलाच हवं. आवळ्याचं जीवनसत्त्व कमी पडलं की रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या होतात. रक्त गोठण्याची क्रिया ठीक असते. के पालेभाज्यांतलं. कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांना चरबीविरहित खाद्य दिलं, तर पिलांना रक्तस्राव होऊ लागला. त्यावरून त्यांनी १९३५ साली हे नाव दिलं. ‘कोआग्युलेशन’ त्यांच्या भाषेत ‘के’ने सुरू होतं.

मुख्य प्रश्नाबद्दल: के जीवनसत्त्व घटकांना सक्रिय करतं, वॉरफरिन ते होऊ देत नाही. म्हणजे ‘निष्क्रिय’ दोन्हीकडे चालेल.

प्रयोगशाळेतले_काका
आशुतोष, डामांचं बरोबर, शेवटचं वाक्य मात्र नाही. मुक्ताताईंच्या सासूबाईंचा प्रश्न अगदी नेमका आहे.

प्रोथ्रॉम्बिन घ्या. यकृतात त्याची साखळी तयार झाली की तिच्या एका टोकाच्या दहा ग्लुटामेटांवर एकेक जादा कार्बोक्सिल गट चढवला जातो. के जीवनसत्त्व लागतं ते या कामाला, तेही यकृताच्या पेशीत, घटक रक्तात उतरण्याआधी. त्या गटांमुळे हे टोक कॅल्शियम धरू शकतं आणि कॅल्शियमच्या आधाराने जखमेजवळच्या प्लेटलेटच्या पृष्ठभागाला चिकटतं. इतकं सगळं होऊनही प्रोथ्रॉम्बिन अजून काही गोठवत नाही. ते म्यानातल्या तलवारीसारखं फिरत राहतं. जखमेपाशी सक्रिय झालेला दहावा घटक त्याला दोन ठिकाणी कापतो, चिकटणारं टोक मागे राहतं आणि थ्रॉम्बिन मोकळं होतं. म्हणजे सक्रिय करतो तो हा काप. के जीवनसत्त्वाचा त्यात हात नाही.

वॉरफरिन घेणाऱ्याच्या रक्तातही प्रोथ्रॉम्बिन असतं, पण त्यातल्या बऱ्याचशा रेणूंवर हे गट चढलेले नसतात किंवा कमी चढलेले असतात. ते जागेवर चिकटत नाहीत, म्हणून कापलेही जात नाहीत. पहिल्या ठिकाणी ‘सुप्त’ लिहा, दुसऱ्या ठिकाणी ‘अपुरा घडलेला’.

शब्दवेल्हाळ
‘सुप्त’ला माझी हरकत आहे. झोपलेला उठतो आणि पुन्हा झोपतो. कापलेला घटक पुन्हा जोडला जात नाही. ‘पूर्वविकर’ हा घडीव शब्द अचूक आहे. रुग्णांना सोपं हवं म्हणून विज्ञानाची भाषा सैल करत गेलो तर मराठीत विज्ञान लिहिताच येणार नाही.

मुक्ता_ठाणे
पण हे पत्रक दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून वाचायचं आहे. ‘पूर्वविकर’ वाचून माझ्या सासूबाई पान उलटतील.

वैशाली_नाशिक
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. गुडघ्याच्या प्लास्टरनंतर माझ्या पोटरीत गुठळी झाली होती. वॉरफरिन सुरू केलं आणि पोटात टोचायची हेपॅरिनची इंजेक्शनंही. तिसऱ्या दिवशी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, आयएनआर, २.३ आला. दोन ते तीनच्या मध्ये हवा असं सांगितलेलं, तरी इंजेक्शनं बंद केली नाहीत. रक्त पातळ झालं होतं ना?

प्रयोगशाळेतले_काका
नव्हतं, वैशालीताई, आणि इंजेक्शनं चालू ठेवली ते योग्यच झालं. गोळी आधीच तयार होऊन रक्तात असलेल्या घटकांना हात लावत नाही. के जीवनसत्त्व दर वेळी वापरलं गेलं की यकृत ते पुन्हा वापरण्याजोगं करून घेतं. वॉरफरिन हे पुनर्वापराचं काम अडवतं. त्यामुळे नवे घटक अपुरे निघतात, जुने मात्र आपापल्या आयुष्याप्रमाणे संपेपर्यंत काम करत राहतात.

सातवा घटक सुमारे सहा तासांत निम्मा होतो, प्रोथ्रॉम्बिनला साधारण साठ तास लागतात. समजा, चांगले घटक बनणं पूर्ण थांबलं. अठ्ठेचाळीस तासांनी जुना सातवा एक टक्काही उरणार नाही, पण प्रोथ्रॉम्बिन निम्म्याहून जास्त असेल. आयएनआर सुरुवातीला चढतो तो मुख्यतः सातव्यामुळे. गुठळी वाढवायला लागणारं प्रोथ्रॉम्बिन तेव्हा भरपूर असतं. त्यात प्रोटीन सी हा गोठण्याला आवर घालणारा घटकही के वरच अवलंबून आणि तोही काही तासांत ओसरणारा. म्हणून हेपॅरिन किमान पाच दिवस आणि आयएनआर दोनच्या वर चोवीस तास टिकेपर्यंत चालू ठेवतात.

आशुतोष_फार्मसी
हे पटलं. मग पालक, मेथी बंद करायला लिहायचं ना?

प्रयोगशाळेतले_काका
बंद नको. रोजचं प्रमाण सारखं ठेवा, असं लिहा. भाजी अचानक सोडली तर आयएनआर चढतो, अचानक भरपूर खाल्ली तर उतरतो. डोस नेहमीच्या जेवणावर बसवलेला असतो.

शब्दवेल्हाळ
‘रक्त पातळ करणारी गोळी’ मात्र पत्रकातून काढा. रक्ताचा दाटपणा तसूभरही बदलत नाही. ‘रक्त साकळू न देणारी’ म्हणा. साकळणे हा किती चांगला शब्द! आणि मूळ ‘साखळी’त असावं, घटकामागून घटक जागा होतो, ती साखळीच की.

नाना_सातारकर
आमच्याकडे मार लागून निळं-काळं होतं त्याला ‘रक्त साकळलं’ म्हणतात. साखळीशी संबंध कसला? ‘संकलन’मधला संकल तो, एका जागी गोळा होणं. घटकांची साखळी कळली गेल्या शतकात, शब्द केवढा जुना.

शब्दवेल्हाळ
‘साखळणे’ असा उच्चारही ऐकला आहे, नाना. ‘ख’ कुठून आला ते सांगा.

देवरुखकर
आमच्याकडे फुरसं चावलं की रक्त ‘थांबत नाही’ म्हणतात. कुपीत घेतलेलं रक्त वीस मिनिटं तसंच ठेवून बघतात, गोठलं नाही तर प्रतिविष. तिथे के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन का देत नाहीत? घटक अपुरेच झाले ना?

प्रयोगशाळेतले_काका
देवरुखकर, घटक नीट घडलेले असतात, पण विष ते वापरून संपवतं. फुरशाच्या विषातलं एकॅरिन प्रोथ्रॉम्बिनला स्वतःच कापतं, त्यातून फायब्रिनोजेन खर्ची पडतं आणि मग गोठायला काही उरत नाही. म्हणून उपाय प्रतिविष.

यात मुक्ताताईंच्या कामाचंही आहे. एकॅरिनला कॅल्शियमही लागत नाही आणि कार्बोक्सिल गटही. वॉरफरिनच्या रुग्णाचं अपुरं प्रोथ्रॉम्बिनही ते कापतं आणि त्यातून गोठवणारा रेणू निघतो. म्हणजे अपुऱ्या घटकातलं पातं शाबूत असतं, चिकटणारं टोक तेवढं निकामी. त्याला सरसकट ‘निष्क्रिय’ म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही.

शब्दवेल्हाळ
मग तो एकाच वेळी सुप्तही झाला आणि अपुराही. तुमच्या दोन शब्दांतली रेघ इथे पुसली जाते, काका.

प्रयोगशाळेतले_काका
पुसली जात नाही. न कापलेलं ते सुप्त, गट न चढलेलं ते अपुरं. एकाच रेणूच्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाना_सातारकर
‘साखळणे’ कोणत्या तालुक्यात ऐकलंत ते आधी सांगा, शब्दवेल्हाळ. माझ्या ऐकण्यात कुठेच नाही.