आई "नाही" म्हणाली, बाबांनी "घे" म्हटलं. दोघांचा शब्द एक कसा करायचा?

सैल_दोरी:
मुलगी ९ वर्षांची. बायको शिस्तीची कडक, मी मवाळ. गेल्या गुरुवारी गृहपाठ झाला म्हणून लेक खोटं बोलली, तेव्हा बायकोने दोन दिवस मोबाइल बंद केला. मी आठला घरी आलो, पोरगी गळ्यात पडली आणि मी "दहाच मिनिटं हं" म्हणून फोन दिला. मला तिच्यासोबत मिळतो जेमतेम एक तास, त्यात नाही म्हणवत नाही. बायकोने विचारल्यावर लेक म्हणाली, "बाबांनी दिला." तेव्हापासून बायको माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. पोरीसमोर आम्ही दोघं एकाच सुरात कसे बोलणार? स्वभावच वेगळे आहेत.

नानाची_टांग:
एवढं काय त्यात? आमच्या घरी वडील कडक, आई मऊ. वडील ओरडले की आईच्या पदराआड जायचं. चारही भावंडं मार्गाला लागली. एकाने धाक दाखवावा, एकाने जवळ घ्यावं. दोघंही कडक झाले तर पोरानं जायचं कुठे?

मधली_सुट्टी:
मी १६ वर्षं शाळेत समुपदेशक आहे. नाना, तुमचं अर्धं बरोबर आहे. ओरडा खाल्लेल्या पोराला जवळ घेणारं कुणीतरी हवंच. पण तुमची आई शिक्षा रद्द करत नव्हती ना? डोळे पुसायची, पण वडिलांनी बंद केलेलं खेळणं परत काढून देत नसावी. फरक तिथेच आहे. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आईवडिलांच्या वागण्याचा अभ्यास केला. त्यात माया आणि ठाम नियम एकाच माणसात असतील, तर मुलांचं बरं चालतं असं दिसलं. एक कडक आणि एक सैल यांची बेरीज करून मध्यम निघत नाही.

सैल_दोरी, आता तुमच्याकडे येते. लेक लबाड नाही. कुठलं दार ढकललं की उघडतं एवढंच तिला कळलंय. कधी "नाही"चं "नाही"च राहतं, कधी पंधरा मिनिटं मागे लागल्यावर "हो" होतं, अशा घरात मुलं सगळ्यात चिवट हट्ट करतात. लागेल की नाही हे माहीत नसतं, म्हणून माणूस लॉटरीचं तिकीट घेतच राहतो, तसं.

आणखी एक. बायको मुळात किती कडक होती ते आठवून बघा. मला बहुतेक घरांत दिसतं ते असं: तुम्ही सोडून देता म्हणून ती दोरी आणखी आवळते, ती आवळते म्हणून तुम्हाला लेकीची दया येते आणि तुम्ही आणखी सोडता. पाच वर्षांनी दोघांनाही वाटतं की आपले स्वभावच असे. निम्मा स्वभाव समोरच्याने घडवलेला असतो.

टेक्नोगणू:
फोनमध्ये फॅमिली लिंक टाका. वेळ संपली की फोन आपोआप लॉक. भांडणच नको.

सैल_दोरी:
गणू, फोन माझा आहे आणि मीच हाताने दिलाय. मला लॉक कोण करणार? 😄

स्पष्ट_बोलते:
मला हा "दोघांचा एक शब्द" प्रकारच पटत नाही. आमच्या घरी तो होता. वडील पट्ट्याने भावाला मारायचे आणि आई आत भांडी घासत बसायची. नंतर विचारलं तर म्हणाली, "मुलांसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं?" भावाला आज पट्ट्यापेक्षा तिचं गप्प बसणं जास्त आठवतं. आईबापांची मतं वेगळी असू शकतात हे मुलांना दिसू दे की.

मधली_सुट्टी:
ताई, मारहाणीला यातलं काहीच लागू नाही. हात उचलला की दुसऱ्याने तिथल्या तिथे, मुलासमोर, मध्ये पडायचं.

मतभेद दिसण्याबद्दलही तुमच्याशी सहमत आहे. सहलीला कुठे जायचं यावर वाद होऊन तो मिटलेला मुलांनी पाहिला तर त्यांचं नुकसान होत नाही, उलट वाद मिटवायचा कसा ते कळतं. त्रास होतो तो अर्धवट सोडलेल्या भांडणाचा आणि अबोल्याचा. सैल_दोरी, तुमच्या घरातला सध्याचा अबोला लेकीने नक्की टिपलाय. फक्त तिच्याच शिक्षेवरचा वाद तिच्यासमोर नको, कारण मग ती न्यायाधीश होते आणि आपल्या सोयीचा निकाल देते.

करायचं काय? तिने काही मागितलं की तुमचा पहिला प्रश्न "आई काय म्हणाली?" आईने नाही म्हटलं असेल तर "मग आज नाही. मी आईशी बोलेन," एवढंच बोला. तोंड वाकडं न करता. "माझं चाललं असतं तर दिला असता गं" हे सुद्धा शब्द फिरवणंच आहे. शिक्षा ज्याने दिली त्यानेच ती उठवायची. तुम्हाला ती जास्त वाटली तर लेक झोपल्यावर बोला, आणि पटलं तर बायकोनेच सकाळी सांगावं, "मी विचार केला, दोन दिवस जास्त होतात, आजची संध्याकाळच." गृहपाठाच्या खोटेपणाला दोन दिवस मला तरी जास्तच वाटतात. तेव्हा थोडं तिनेही सैल व्हायला हवं.

आणि सगळ्यावर एकमत करायला जाऊ नका, दमाल. दोघांनाही मान्य असे तीन नियम ठरवा. बाकी ज्याच्या हाती कारभार, त्याची पद्धत. बाबांसोबत केस न विंचरता बाजारात गेली तर जाऊ दे.

कोथिंबीर_जुडी:
आमच्याकडे मी आणि नवरा एक आहोत हो, पण सासूबाई! मी जेवणाआधी बिस्कीट नको म्हटलं की त्या पदराखालून देतात. त्यांना कसं "एक शब्दा"त घ्यायचं?

नानाची_टांग:
आजीला नियम लावू नका. आजी ती आजीच.

मधली_सुट्टी:
यात मी नानांच्या बाजूने, पण थोडीशीच. बिस्कीट सोडून द्या. "आईला सांगू नको हं" हे मात्र थांबवायला सांगा, आणि ते त्यांच्या मुलाने सांगावं, सुनेने नव्हे.

स्पष्ट_बोलते:
मुलाने सांगितलं तरी ठपका सुनेवरच येतो, अनुभव आहे.

सैल_दोरी:
दहा दिवसांनी लिहितोय. शनिवारी रात्री बोललो. पहिला अर्धा तास जुना हिशोबच निघाला. बायको म्हणाली, "मला वाईट व्हायची हौस नाही, तू मला वाईट करून ठेवतोस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तीन नियम ठरले: जेवताना फोन नाही, गृहपाठाबद्दल खोटं नाही, साडेनऊला दिवा बंद.

मंगळवारी लेक आली. "आई काय म्हणाली?" विचारल्यावर आधी बघतच राहिली. मग चाळीस मिनिटं रडणं, दार आपटणं, "तू पण आईसारखाच झालास." गंमत म्हणजे शेवटी बायकोच बाहेर येऊन हळूच म्हणाली, "देऊया का पाच मिनिटं?"

मधली_सुट्टी:
दिला नाहीत ना? सुरुवातीला हट्ट कमी होण्याआधी वाढतो. चाळीसाव्या मिनिटाला दिला तर ती चाळीस मिनिटं रडायला शिकते.

सैल_दोरी:
नाही दिला. शुक्रवारी दहा मिनिटांत आटोपलं. पण एक अडकलंय. मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचंय, बायकोचं ठाम नाही, मला त्यात काहीच गैर वाटत नाही. दोन रात्री बोलून झालं. कुणाचा शब्द धरायचा?

स्पष्ट_बोलते:
ती मैत्रीण आणि तिचे आईबाप तुमच्यापैकी कोण जास्त ओळखतं?

सैल_दोरी:
बायको.