मदत हवी आहे: सिलिंडरचे जाहीर दरापेक्षा ५० रुपये जास्त घेतले, एजन्सीला पत्र कसं लिहू?

निशिगंध

नमस्कार मंडळी, घरगुती गॅसच्या बिलावरून एजन्सीशी वाद चाललाय, लेखी तक्रार द्यायचीये पण पत्र नीट जमत नाहीये म्हणून इथे विचारतेय.

झालं असं की ३ एप्रिल २०२५ ला १४.२ किलोचा सिलिंडर बुक केला, पैसे डिलिव्हरीच्या वेळी द्यायचे होते. ७ तारखेला सोमवारी संध्याकाळी साडेपाचला सिलिंडर आला, मी मोबाईलवर आलेला कोड सांगितला, त्याने तो टाकला. पैसे द्यायला गेले तर म्हणाला ताई आज पावतीबुक नाहीये माझ्याकडे, उद्या सकाळी येऊन पावती देतो आणि पैसे नेतो. नेहमीचा माणूस आहे म्हणून मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली की ८ तारखेपासून सिलिंडर ५० रुपयांनी महाग. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि पावती दिली ८५२.५० ची, तारीख ८ एप्रिल. मुंबईत तोपर्यंत दर ८०२.५० होता. मी म्हटलं सिलिंडर तर काल आलाय, तो म्हणाला मला काही माहीत नाही एजन्सीने हेच दिलंय. घाईत होते, यूपीआयने भरून टाकले. नंतर एजन्सीत फोन केला तर काउंटरवरच्या बाई म्हणतात बिल ८ ला बनलं म्हणून नवा दर.

मी लिहिलेलं पत्र असं सुरू होतंय: "आपण सामान्य ग्राहकांची राजरोस लूट करत असून आपला परवाना रद्द का करू नये याचा खुलासा करावा..." नवरा म्हणतो असं लिहून काही होणार नाही. मग कसं लिहू? ५० रुपये मोठे नाहीत पण त्या दिवशी अजून किती घरांकडून असे घेतले असतील हे डोक्यातून जात नाहीये.

पावसाळी

गॅसचे भाव महिन्याच्या एक तारखेला बदलतात, ८ तारखेला बदलूच शकत नाहीत. त्यामुळे दर वाढलेलाच नाही, हे ५० रुपये जीएसटीचे असणार. ८०२.५० वर ५ टक्के म्हणजे ४० च्या आसपास होतात, वर राउंड केलं असेल. जीएसटी सगळीकडेच द्यावा लागतो, तक्रार करून उपयोग नाही असं वाटतं.

जुना काउंटर

पावसाळी, दर बहुतेक वेळा एक तारखेला बदलतात हे खरंय पण तसं बंधन नाही, यंदा ८ एप्रिललाच बदलला आणि वाढ बरोबर ५० रुपयांचीच होती. आणि जीएसटी ५ टक्केच आहे पण तो जाहीर दराच्या आतच धरलेला असतो, वरून वेगळा लावायचा नसतो. पत्रात जीएसटीचा विषय काढूच नका, एजन्सीला फाटे फोडायला जागा मिळेल.

मी बारा वर्षं एका गॅस एजन्सीत काउंटरला होतो (आता सोडलं). निशिगंध ताई, दर लागतो तो सिलिंडर घरी पोचला त्या दिवसाचा. बुकिंगच्या दिवसाचा नाही, आणि पावती ज्या दिवशी फाडली त्या दिवसाचा तर अजिबात नाही. म्हणून तुमच्या पत्राचा सगळा भार एकाच गोष्टीवर ठेवा, सिलिंडर ७ तारखेला मिळाला हे दाखवणं. आता दोन गोष्टी बघून सांगा. एक, ती ८५२.५० ची पावती कॉम्प्युटरवर छापलेली आहे की हाताने लिहिलेली? दोन, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये रिफिलची हिस्टरी असते तिथे या सिलिंडरसमोर कॅश मेमोची तारीख, डिलिव्हरीची तारीख आणि रक्कम काय दिसते?

तीनमजली

आमच्याकडे पण हेच, तिसऱ्या मजल्यावर आणायचे म्हणून दरवेळी ३० रुपये जास्त मागतो, नाही दिले तर सिलिंडर खाली गेटपाशी ठेवून जातो, सासूबाईंना गुडघ्यांमुळे वर आणता येत नाही. मी पण याच पत्रात माझं नाव टाकू का? दोघींचं मिळून गेलं तर वजन पडेल ना.

जुना काउंटर

तीनमजली, तुमचं वेगळं पत्र करा. तुमच्याकडे बिल बरोबर असतं आणि माणूस वरचे मागतो, यांच्याकडे पावतीतच रक्कम वाढवलीय, दोन्ही एकात घातलं की एजन्सी सोप्या मुद्द्याला उत्तर देऊन मोकळी होते. घरपोच देण्याचा खर्च दरातच धरलेला असतो, मजल्याप्रमाणे वेगळे पैसे नाहीत. सध्या बिलाइतकेच यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते, आणि ३० कोणत्या तारखांना घेतले ते लिहून ठेवा.

निशिगंध

बघितलं. पावती हाताने लिहिलेली आहे, एजन्सीचा शिक्का आहे पण कॅश मेमो नंबरच नाही! आणि अ‍ॅपमध्ये कॅश मेमो ५ एप्रिलचा, डिलिव्हरी ७ एप्रिल, रक्कम ८०२.५०. मोबाईलवर "सिलिंडर डिलिव्हर झाला" असा मेसेज पण ७ तारखेला ५:४१ ला आलेला आहे, मी डिलीट केला नव्हता. म्हणजे आता काय समजायचं?

जुना काउंटर

म्हणजे तुमची केस पक्की झाली ताई. दर बदलला की जे सिलिंडर अजून पोचलेले नाहीत त्यांचे जुने मेमो रद्द करून नव्या दराने काढतात, आमच्याकडे त्या दिवशी काउंटरवर दुसरं काहीच काम व्हायचं नाही. पण तुमचा मेमो ७ ला संध्याकाळीच कोड टाकल्याबरोबर बंद झाला होता, ८०२.५० ला. बंद झालेल्या मेमोवर कॉम्प्युटरमधून ८५२.५० चं बिल निघणार कसं? म्हणून पावतीबुकावर हाताने लिहिलं. कंपनीच्या हिशोबात ८०२.५० ची विक्री आहे आणि तुमच्याकडून ८५२.५० घेतले, मधले ५० कुठे गेले ते एजन्सीने सांगायचं, तुम्ही नाही. हे डिलिव्हरीवाल्याने परस्पर केलं की मालकाच्या सांगण्यावरून, ते तुम्हाला माहीत नाही म्हणून पत्रात कोणावरच आरोप नको, लूट नको, परवाना नको. तारखा आणि रकमा लिहा बस. मी असं लिहिलं असतं:

> प्रति, व्यवस्थापक, (एजन्सीचं नाव, पत्ता)
>
> विषय: ७ एप्रिल २०२५ रोजी मिळालेल्या सिलिंडरसाठी घेतलेले जादा ५० रुपये परत मिळणेबाबत.
> ग्राहक क्रमांक: ……, कॅश मेमो क्रमांक: ……, दि. ५ एप्रिल २०२५
>
> महोदय, वरील कॅश मेमोचा १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर मला ७ एप्रिल २०२५ रोजी सायं. ५:३० च्या सुमारास मिळाला. डिलिव्हरीचा कोड मी त्याच वेळी दिला व डिलिव्हरी झाल्याचा संदेश मला ५:४१ ला आला. त्या दिवशीचा जाहीर दर ८०२.५० रुपये होता आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्येही या मेमोची रक्कम तीच दिसते.
>
> ८ एप्रिल रोजी आपल्या प्रतिनिधीने मला ८५२.५० रुपयांची हस्तलिखित पावती दिली. तिच्यावर कॅश मेमो क्रमांक नाही. ती रक्कम मी त्याच दिवशी यूपीआयने भरली. नवा दर ८ एप्रिलपासूनचा असल्याने तो या सिलिंडरला लागू होत नाही.
>
> कृपया जादा घेतलेले ५० रुपये ७ दिवसांत परत करावेत, ८०२.५० रुपयांच्या कॅश मेमोची छापील प्रत द्यावी, आणि हस्तलिखित पावती कोणत्या कारणाने दिली ते लेखी कळवावे.
>
> सोबत: पावती, अ‍ॅपमधील नोंद, डिलिव्हरीचा संदेश व यूपीआय व्यवहार यांच्या प्रती.

मूळ पावती हातातून सोडू नका, झेरॉक्सच द्या. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत आणा. तिथे तक्रारवही पण असते, मागा, त्यात चार ओळी लिहून फोटो काढा. आणि यूपीआय कोणाच्या नावावर गेलंय ते बघितलंत का, एजन्सीच्या खात्यावर की त्या माणसाच्या? पत्र द्यायच्या आधी बघाच.

पावसाळी

जीएसटीचं माझं चुकलं, बरं झालं कळलं. पण एक शंका राहतेच, ज्यांनी बुक करतानाच ऑनलाइन पैसे भरले आणि सिलिंडर ८ नंतर आला त्यांचं काय? माझ्या भावाचं असंच झालंय, त्याने ४ तारखेला ८०२.५० भरले, सिलिंडर ९ ला आला आणि वरचे ५० रोख मागितले.

जुना काउंटर

भावाचा सिलिंडर नव्या दराच्या तारखेतच आलाय त्यामुळे निशिगंध ताईंचं पत्र त्याला चालणार नाही. आधी पैसे भरलेल्यांकडून फरक घ्यायचा का यावर मी काउंटरला दोन्ही प्रकार झालेले पाहिलेत. फरकाची छापील पावती मागायला सांगा, ती देत नसतील तर मग तक्रारीत दम आहे.

निशिगंध

अपडेट देते. यूपीआय बघितलं, पैसे एजन्सीच्याच नावावर गेलेत, त्या माणसाच्या नाही. मला त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं ते जरा कमी झालं, बिचारा उन्हात सिलिंडर वाहतो आणि मी त्याच्यावरच संशय घेत होते. पत्रात "एजन्सीच्या खात्यावर" एवढे शब्द वाढवले.

आज पत्र घेऊन गेले. बाईंनी वाचलं, आत घेऊन गेल्या, बाहेर येऊन म्हणाल्या ५० रुपये घेऊन जा आणि पत्र परत घ्या. मी म्हटलं पैसे घेते पण मला छापील मेमो आणि पत्रावर पोच पाहिजे, तर म्हणाल्या पोच मालक आल्यावरच मिळेल. तक्रारवही पण कपाटात आहे चावी नाही. मी पैसे घेतले नाहीत, बरोबर केलं ना?

जुना काउंटर

बरोबर केलंत. पत्र परत घेतलं असतं तर तक्रार झालीच नाही असं झालं असतं. तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा, पोच म्हणून तेवढं पुरतं. मग १८००-२३३३-५५५ वर कंपनीकडे तक्रार नोंदवून नंबर घ्या, आणि एजन्सीच्या बोर्डावर कंपनीच्या सेल्स ऑफिसरचा नंबर लिहिलेला असतो तो टिपून घ्या, पत्राची प्रत त्यांना गेली की चावी सापडते. १९०६ ला मात्र फोन करू नका, तो फक्त गळतीसाठी आहे. कंपनीकडून काही हललं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

निशिगंध

स्पीड पोस्ट केलं दुपारीच. खाली "प्रत: कंपनीचे विभागीय सेल्स ऑफिसर" असं लिहिलंय, नंबर उद्या बोर्डावरून टिपते. आमच्या मजल्यावर अजून दोघींना ७ तारखेलाच सिलिंडर आला होता, एकीकडे पण हाताने लिहिलेलीच पावती निघाली, दुसरीने फेकून दिलीये. पहिलीला हेच पत्र तिच्या तारखा टाकून देतेय, दुसरीचं अ‍ॅप आणि यूपीआय उघडून बघतोय काय निघतं ते. तीनमजली, तुमचं पत्र लिहिलंत का? लिहिलं असेल तर इथे टाका.